माग किती तासांनी उघडायचा?

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग सुरू केला. तेव्हापासून तिथल्या जॉबरना एक प्रश्न रोज पडत आला आहे: माग बंद पडल्यावर दुरुस्त करायचा, की बंद पडण्याआधीच? आधीच करायचा तर किती तासांनी?

यासाठी अभियंत्यांचा एक आकडा आहे, एमटीबीएफ, म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी वेळ. माग चालल्याचे एकूण तास घ्यायचे आणि बिघाडांच्या संख्येनं भागायचं. सूत तुटून माग थांबला तर तो सुताचा किंवा खळीचा दोष, तो या हिशेबात धरत नाहीत. तास मोजायचे तेही माग प्रत्यक्ष चालल्याचे, कारण वीज गेलेल्या वेळात काही झिजत नाही.

हिशेबासाठी २४ साध्या मागांचा कारखाना धरू. महिन्याला प्रत्येक माग ५०० तास चालला, म्हणजे एकूण १२,००० तास. बिघाड झाले ६०. सरासरी आली २०० तास. मग दर १८० तासांनी सगळे माग उघडून तपासले की काम झालं, असं कुणालाही वाटेल. इथेच घोळ होतो. त्या ६० बिघाडांत मोटरचा स्टार्टर जळणं आहे, बोल्ट सैल होणं आहे आणि पिकर जाणंही आहे. स्टार्टर बहुधा वयामुळे जळत नाही, विजेच्या झटक्यानं जळतो. तो कालच बसवलेला असला तरी जळू शकतो, म्हणून ठरावीक तासांनी बदलून उपयोग नाही. सरासरी काढायची ती एकेका भागाची.

पिकर घेऊ. धोट्याला फटका मारून मागाच्या एका बाजूकडून दुसरीकडे धाडणारा हा छोटा ठोकळा, पूर्वी कातड्याचा असे, आता बहुधा प्लास्टिकचा असतो. मिनिटाला १५० फेऱ्यांच्या मागावर दोन बाजूंचे पिकर आळीपाळीनं मारतात, म्हणजे एकेक पिकर तासाला ४,५०० फटके देतो. धोट्याचं टोक जिथे आदळतं तिथे खड्डा पडतो. खड्डा वाकडा झाला की धोटा तिरपा सुटतो, पलीकडच्या पेटीत वेळेवर पोचत नाही. माग धाडकन थांबतो. ती रोधयंत्रणा नीट लागली नसेल तर धोटा ताण्यातच अडकतो आणि फणीच्या ठोक्यानं शेकडो धागे तुटतात. पिकर बदलायला थोडा वेळ पुरतो. ते धागे एकेक करून वहीतून, फणीतून ओवून जोडायला मात्र पाळीचा मोठा भाग जातो.

आपल्या कारखान्यात ४८ पिकर आहेत, त्यांचे मिळून २४,००० तास भरले आणि २४ पिकर गेले. सरासरी १,००० तास. पण वहीत प्रत्येक पिकरचं वय लिहिलेलं असेल तर वेगळंच चित्र दिसतं. समजा, २० पिकर १,००० ते १,३५० तासांच्या दरम्यान झिजून गेले आणि ४ पिकर बसवल्यापासून पहिल्या ५० तासांतच गेले. हे चार झिजलेले नाहीत, ते चुकीचे बसले होते. हजार तासांना बरोबर मोडलेला पिकर क्वचितच सापडेल.

आता बीम संपायला साधारण ४०० तास लागत असतील, तर दर दुसऱ्या बीमला, म्हणजे ८०० तासांनी, पिकर बदलता येतो. नवं बीम चढताना माग थांबलेलाच असतो. महिन्याला सुमारे ३० पिकर बदलावे लागतील. झिजून जाणारे जवळजवळ थांबतील. बसवण्यातली चूक पूर्वीइतकीच, सहात एक, राहिली तर पाच बिघाड उरतील. २४ वरून ५, हा मोठा फायदा आहे.

कुणी जास्त काळजी म्हणून दर बीमला पिकर बदलू लागला तर? महिन्याला ६० बदल, आणि त्यातले दहा चुकीचे बसलेले. देखभाल दुप्पट केली की बिघाडही दुप्पट होतात. खर्च वाढतो तो निराळाच. मला या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते, कारण चांगल्या हेतूनं केलेलं काम इथे उलटं फिरतं आणि दोष मात्र पिकरच्या मालावर येतो. त्या पाच बिघाडांवर उपाय ८०० चे ७०० तास करणं नाही. बसवताना धोट्याचं टोक पिकरच्या मध्यावर लागतं का, हे माग हातानं फिरवून पाहावं लागतं.

एकाच मागाच्या महिन्याभराच्या नोंदीवरून यातलं काहीच दिसणार नाही, एक-दोन बिघाडांची सरासरी कशीही येते. एकाच बनावटीचे, एकच कापड विणणारे माग एकत्र धरले तरच आकडा बोलतो. वहीत लिहायचं थोडंच असतं: मागाचा क्रमांक, डावी बाजू की उजवी, कोणता भाग गेला आणि तो बसवल्यापासून किती तास चालला. बहुतेक वह्यांत पहिल्या तीन गोष्टी असतात, चौथी नसते.