आंब्यांचा रस नेमका कोणी काढला?

‘शेजारच्या काकूंनी काल गावाहून आणलेल्या आंब्यांचा रस काढला.’

हे वाक्य आपण कुणीही बोलू आणि ऐकणारा मान डोलावून पुढे जाईल. पण जरा थांबून विचारा, काल नेमकं काय झालं? आंबे गावाहून काल आले आणि रस आज निघाला, असं म्हणायचंय? की आंबे आठवडाभर घरात पिकत होते आणि रस काल काढला? आता आणखी एक प्रश्न विचारा: रस काढला कोणी? काकूंनीच, असं वाटतं. पण काकूंनी गावाहून फक्त आंबे आणले, चार आपल्याकडेही दिले आणि रस काढला आपण, असाही या वाक्याचा अर्थ होतो. मराठीत ‘मी’ आणि ‘आम्ही’ सर्रास गाळले जातात. ते गाळून हेच वाक्य म्हणून बघा.

म्हणजे शब्द तेच, त्यांचा क्रमही तोच, आणि अर्थ तीन. फरक आहे तो कुठला शब्द कुणाशी बांधला गेलाय एवढाच. पहिल्या अर्थात ‘काल गावाहून आणलेल्या आंब्यांचा’ अशी एक मोळी आहे. दुसऱ्यात ‘काल’ मोळीबाहेर सुटा आहे आणि त्याचं नातं ‘काढला’शी आहे. तिसऱ्यात ‘शेजारच्या काकूंनी’सुद्धा मोळीच्या आत गेल्या आहेत. अशा मोळीला भाषाशास्त्रात पदबंध म्हणतात. त्याची हद्द लिहून दाखवलेली नसते. बोलताना ती एखाद्या विरामाने सूचित होते. कागदावर बहुधा तीही सोय नसते.

शाळेत आपण वाक्यपृथक्करण केलेलं असतं. उद्देश्य, उद्देश्यविस्तार, विधेय, विधेयविस्तार असे रकाने आखायचे आणि त्यांत शब्द भरायचे. कुठला शब्द कुठल्या रकान्यात जातो हे मात्र ‘अर्थावरून कळतं’ म्हणून सोडून दिलेलं असे. इथे अडचण अशी की अर्थच तीन आहेत. विसाव्या शतकातल्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांना अर्थावर फार विसंबायचं नव्हतं, म्हणून त्यांनी हद्द शोधायच्या काही कसोट्या तयार केल्या. लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी 1933 सालच्या ‘लँग्वेज’ या ग्रंथात वाक्याचे आधी दोन मोठे तुकडे करायचे, मग त्या तुकड्यांचे तुकडे करायचे, ही कल्पना मांडली. पण काप नेमका कुठे घालायचा? रुलन वेल्स यांनी 1947 साली या प्रश्नाचा नीट पाठपुरावा केला. त्यांचं गाजलेलं उदाहरण होतं ‘द किंग ऑफ इंग्लंड ओपन्ड पार्लमेंट’. यात ‘इंग्लंड’ आणि ‘ओपन्ड’ शेजारी आहेत, शिवाय ‘इंग्लंड ओपन्ड पार्लमेंट’ हे स्वतंत्र वाक्यही होऊ शकतं. तरी ते दोन शब्द एका गटातले नाहीत. गट आहे ‘द किंग ऑफ इंग्लंड’ हा, कारण त्या सगळ्याच्या जागी नुसतं ‘जॉन’ ठेवलं तरी वाक्याचा सांगाडा तसाच राहतो.

हीच पहिली कसोटी, बदलीची. अनेक शब्दांच्या जागी एखादं सर्वनाम बसलं, तर ते शब्द एका पदबंधातले. आपल्या वाक्यावर लावून पाहू. ‘शेजारच्या काकूंनी काल त्यांचा रस काढला.’ (इथे ‘त्यांचा’ म्हणजे आंब्यांचा, आदरार्थी घेऊ नका, नाहीतर काकूंचाच रस निघेल.) सर्वनामाने ‘गावाहून आणलेल्या आंब्यांचा’ एवढंच गिळलं आणि ‘काल’ बाहेर उरलं. हा दुसरा अर्थ. ‘शेजारच्या काकूंनी त्यांचा रस काढला’ असं म्हटलं की ‘काल’ही सर्वनामाच्या पोटात गेलं, हा पहिला अर्थ. आणि नुसतं ‘त्यांचा रस काढला’ म्हटलं की काकूही आत, आणि रस काढणारे आपण. सर्वनाम किती शब्द गिळतं यावर मोळीची हद्द कळते. उलट ‘काकूंनी काल’ या दोन शेजारच्या शब्दांच्या जागी बसेल असं एकही सर्वनाम सापडणार नाही. ते नुसते शेजारी आहेत, घर वेगळं आहे.

दुसरी कसोटी जागा बदलण्याची. पदबंध उचलला तर अख्खा उचलला जातो. ‘गावाहून आणलेल्या आंब्यांचा रस शेजारच्या काकूंनी काल काढला’ असं केलं की ‘काल’ मागे राहिलं, आणि आता ते फक्त ‘काढला’चं आहे. ‘शेजारच्या’ला मात्र ‘काकूंनी’पासून तोडता येत नाही. ‘शेजारच्या काल काकूंनी रस काढला’ असं कुणी म्हणत नाही.

तिसरी कसोटी इंग्रजीच्या अभ्यासात फार वापरली जाते. इंग्रजीत ‘इट वॉज’ने सुरुवात करून वाक्याचा एक भाग पुढे काढतात आणि उरलेलं वाक्य ‘दॅट’च्या मागे लावतात. मराठीत आपण हे काम उलट्या बाजूने करतो. ज्यावर जोर द्यायचा ते शेवटी ठेवतो आणि त्याआधी ‘तो’, ‘ती’ किंवा ‘ते’ घालतो. ‘काकूंनी काल रस काढला तो गावाहून आणलेल्या आंब्यांचा.’ ‘काकूंनी रस काढला तो काल गावाहून आणलेल्या आंब्यांचा.’ ‘रस काढला तो शेजारच्या काकूंनी काल गावाहून आणलेल्या आंब्यांचा.’ तिन्ही वाक्यं मोठ्याने वाचा. दुसरा, पहिला आणि तिसरा अर्थ असे एकेक सुटे होतात. ‘तो’च्या पलीकडे जे एकसंध उभं राहतं तो पदबंध. (‘तो’ इथे ‘रस’कडे बघून पुल्लिंगी झाला आहे, भाजी असती तर ‘भाजी केली ती’ झालं असतं.)

या तीन वाचनांचं मूळ मराठीच्या एका खास सोयीत आहे, आणि परक्या पाठ्यपुस्तकांत न सापडणारी एक कसोटी त्यातूनच मिळते. भूतकाळात ‘काकूंनी आंबे आणले’ आणि ‘काकूंनी रस काढला’ या दोन्हींत कर्त्याला ‘नी’ लागतो. ‘आणलेल्या’ हे विशेषण झालं तरी त्याच्या कर्त्याचा ‘नी’ कायम राहतो. त्यामुळे ‘काकूंनी’ या रूपावरून कळतच नाही की त्या ‘आणलेल्या’च्या आहेत की ‘काढला’च्या. मग क्रियापदाचा काळ बदलून बघायचा. ‘शेजारच्या काकू काल गावाहून आणलेल्या आंब्यांचा रस काढतायत.’ ‘नी’ गेला, काकू मुख्य क्रियापदाच्या कर्त्या ठरल्या. शिवाय रस आत्ता निघतोय, म्हणून ‘काल’ला ‘आणलेल्या’शिवाय थारा नाही. एका फटक्यात फक्त पहिला अर्थ उरला. आता ‘शेजारच्या काकूंनी काल गावाहून आणलेल्या आंब्यांचा रस काढतेय’ असं म्हणा. ‘नी’ टिकला, पण ‘काढतेय’शी तो जुळत नाही, म्हणजे काकू मोळीच्या आत आणि रस काढणारी मी.

जोडणीची कसोटी सर्वांत सोपी वाटते, आणि सर्वांत जास्त फसवते तीच. तत्त्व असं की ‘आणि’ने सारख्या जातीचे दोन पदबंध जोडले जातात. नोम चॉम्स्की यांनी 1957 सालच्या ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’मध्ये वाक्याचे घटक ओळखायला जोडणीचा आधार घेतला होता. आपल्याकडे ती छान चालते: ‘काकूंनी काल गावाहून आणलेल्या आणि परवा बाजारातून घेतलेल्या आंब्यांचा रस काढला.’ ‘परवा’ समोर आला की ‘काल’ त्याच्या जोडीला बसतो आणि दुसरा अर्थ मागे पडतो. आता हे वाक्य पाहा: ‘काकूंनी आंब्यांचा आणि आजींनी लिंबांचा रस काढला.’ अगदी रोजचं मराठी. पण ‘आणि’च्या अलीकडे आहे ‘काकूंनी आंब्यांचा’. हा एक पदबंध? त्याच्या जागी सर्वनाम बसत नाही, ‘तो’पलीकडे तो एकसंध उभा राहत नाही. ‘रस काढला’ हा दोघींचा सामाईक भाग एकदाच उच्चारलाय आणि पहिल्या ठिकाणी गाळलाय, असं बरेच अभ्यासक म्हणतात. मार्क स्टीडमन यांच्यासारखे अभ्यासक उलट सांगतात, की इथे काही गाळलेलं नाही. पदबंधाची आपलीच व्याख्या तोकडी आहे. हा वाद अजून मिटलेला नाही. सामान्य वाचकाने एवढं धरून चालावं की एकट्या जोडणीच्या साक्षीवर निकाल देऊ नये.

हलवण्याच्या कसोटीलाही मराठीत एक भोक आहे. ‘आंब्यांचा काकूंनी काल रस काढला’ हे चालतं, ‘रस काकूंनी काढला आंब्यांचा’ हेही चालतं. म्हणजे ‘आंब्यांचा रस’ एक मोळी असूनही ती फुटते. ‘शेजारच्या काकू’ फुटत नाहीत, ‘आंब्यांचा रस’ फुटतो. मध्य ऑस्ट्रेलियातल्या वार्लपिरी भाषेत हे टोकाला जातं. नाम वाक्याच्या एका टोकाला, त्याचं विशेषण दुसऱ्या टोकाला, आणि दोघांना लागलेल्या सारख्या प्रत्ययावरून ती जोडी ओळखायची. केन हेल यांनी 1980च्या दशकात या भाषेवरून प्रश्न टाकला, की काही भाषांत पदबंधांची चौकट इंग्रजीसारखी नसतेच की काय? मराठी वार्लपिरीइतकी मोकळी नाही, पण इंग्रजीइतकी कडकही नाही. म्हणून आपल्याकडे शब्द हलले नाहीत तर ते एकत्र आहेत असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. हलले म्हणून ते वेगळे, असं मात्र म्हणता येत नाही. अशा वेळी बदली आणि ‘तो’ची कसोटी यांचा कौल घ्यावा, आणि दोन कौल जुळले तरच हद्द पक्की मानावी.

हे सगळं आमरसापुरतं नाही. ‘पोलिसांनी काल पुण्याहून आलेल्या तरुणाला अटक केली’ अशी बातमी छापून आली तर अटकेची तारीख वाचकाने कुठली धरायची? घटना कोर्टात गेली तर हा प्रश्न गंमतीचा राहत नाही. बातमी लिहिणाऱ्याच्या डोक्यात अर्थ आधीपासून असतो, म्हणून त्याला दुसरा दिसत नाही. त्याने ‘पुण्याहून आलेल्या तरुणाला’च्या जागी ‘त्याला’ ठेवून वाक्य एकदा म्हणावं. ‘पोलिसांनी काल त्याला अटक केली’ हेच सांगायचं असेल, तर ‘काल’ उचलून ‘अटक’च्या अगदी आधी ठेवायचा: ‘पोलिसांनी पुण्याहून आलेल्या तरुणाला काल अटक केली.’ तरुण काल आला असेल, तर ‘पोलिसांनी काल पुण्याहून आलेल्या तरुणाला आज अटक केली’ असं दोन्ही दिवसांसकट लिहायचं.