बिल फिटल्यानंतरचं पत्र

समजा, पुण्यातल्या एका छोट्या एजन्सीने कोल्हापूरजवळच्या गुऱ्हाळमालकाची वेबसाइट तयार केली. साइट सुरू झाली, बिल फिटलं. आता समारोपाचं पत्र जातं, आणि बहुतेकदा ते असं असतं : ‘आपल्यासोबत काम करून आनंद झाला. पुन्हा सेवेची संधी द्यावी.’ हेच पत्र एखाद्या दवाखान्याला पाठवलं, तरी त्यातला एक शब्दही बदलावा लागत नाही.

आभार कशाचे, हे आधी आठवावं लागतं. म्हणून ज्याने प्रत्यक्ष काम केलं, त्यानेच पत्र लिहिलेलं बरं. पहाटे काहिलीशेजारी उभं राहून मालकाने रसावरची मळी कशी काढतात, पाक कधी उतरवायचा, हे छायाचित्रकाराला दाखवलं होतं. मग पत्र असं सुरू होतं : ‘दादा, त्या पहाटे तुम्ही चुलवाणापाशी थांबलात, म्हणून पहिल्या पानावर आम्हाला फार लिहावं लागलं नाही. फोटोच बोलतात.’ मालकाने काय दिलं आणि त्याचा कामाला कुठे उपयोग झाला, हे दोन्ही त्यात आलं.

यानंतर सुपूर्द केलेल्या गोष्टींचा उल्लेख हवा. डोमेन मालकाच्याच नावावर आहे, त्याची मुदत अमुक तारखेला संपते, मोफत दुरुस्ती अमुक दिवसापर्यंत. ही तारीख किरकोळ नाही. डोमेनचं नूतनीकरण राहिलं, तर वेबसाइट बंद पडतेच, पण त्याच नावावर चालणारे ईमेलही थांबतात, आणि ऐन हंगामात ऑर्डर अडकतात. पासवर्ड मात्र या पत्रात लिहू नयेत. असं पत्र कौतुकाने दहा जणांना पुढे पाठवलं जातं.

पुढच्या कामाचं आमंत्रण सगळ्यात जास्त फसतं. ‘काही लागलं तर कळवा’ म्हटलं की काय लागेल, हे शोधायचं ओझं ग्राहकावर पडतं. एजन्सीने महिनोन्‌महिने त्याचा धंदा जवळून पाहिलेला असतो, तेव्हा पुढचं काम तिनेच सुचवावं. कोल्हापुरात नव्या गुळाचे सौदे दिवाळी पाडव्याला निघतात. म्हणून : ‘काकवीच्या बाटल्यांचे फोटो अजून साइटवर नाहीत. पाडव्याआधी ते टाकायचे असतील, तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बोलू. यंदा नको असेल, तरी हरकत नाही.’ शेवटचं वाक्य गाळू नये. त्याच्यामुळेच मालकाला संकोच न करता नाही म्हणता येतं.

याच पत्रात सवलत जाहीर केली किंवा अभिप्राय मागितला, तर आभार हे त्या मागणीचं निमित्त वाटू लागतात. अभिप्राय महिन्याभराने, वेगळा मागावा. आणि बिल थकलेलं असेल, तर हे पत्र पाठवूच नये. कितीही मनापासून लिहिलं, तरी ग्राहक ते तगादा म्हणूनच वाचतो.

पत्र पोचलं की नाही, हे उत्तरावरून कळतं. ‘धन्यवाद’ एवढंच आलं, तर पत्र नुसतं वाचलं गेलं. ‘काकवीच्या बाटलीचं लेबल बदलतोय, ते झालं की फोन करतो,’ असं आलं, तर सप्टेंबरचं काम ठरल्यात जमा आहे.