लॅक्टोजच्या बाटलीवरचा फुगा

विज्ञान प्रदर्शनात एक टेबल हमखास यीस्टचं असतं. चार-पाच बाटल्या, प्रत्येकीत कोमट पाणी, चमचाभर यीस्ट आणि वेगवेगळी साखर, तोंडावर फुगे. एकदा परीक्षक म्हणून गेलो होतो, तेव्हा अकरावीतली एक मुलगी समजावून सांगत होती. ग्लुकोजचा आणि घरच्या साखरेचा फुगा टम्म झाला होता, माल्टोजचा कमी आणि लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा, जेमतेम उभा राहिला होता.

"म्हणजे यीस्टला लॅक्टोजसुद्धा थोडं थोडं पचतं, सर."

"नुसत्या पाण्याच्या बाटलीवर फुगा लावून पाहिलास?"

"त्यात काय होणार, सर? त्यात काहीच नाहीये."

काहीच नसलेल्या बाटलीत काय होतं, त्याचा हिशेब करता येतो. अर्ध्या लिटरच्या बाटलीत १०० मिली पाणी घातलं, तर वर ४०० मिली हवा उरते. खोलीचं तापमान २७ अंश असताना ही बाटली ४० अंशांच्या पाण्यात पूर्ण तापली, की ती हवा फुगून सुमारे १७ मिली जास्त जागा मागते. शिवाय आतल्या पाण्याची वाफ त्या हवेत मिसळते आणि जवळपास तेवढीच भर घालते. म्हणजे यीस्ट नाही, साखर नाही, तरी फुग्यात ३० मिलीच्या वर वायू. लॅक्टोजचा फुगा उभा राहायला एवढं पुरतं.

दुसरी गडबड यीस्ट स्वतःच करतं. बेकरीसाठी मिळणारं सुकं यीस्ट शिदोरी बांधून आलेलं असतं. त्याच्या पेशींत ट्रेहॅलोज नावाची साखर आणि ग्लायकोजेन साठवलेलं असतं. कोमट पाण्यात पडल्यावर ते आधी ही शिदोरी सोडतं आणि बाहेरून काही न देताही थोडा कार्बन डायऑक्साइड सोडतं. त्यामुळे 'यीस्ट आणि पाणी' ही बाटली सगळ्यांत महत्त्वाची. तापलेल्या हवेचा आणि शिदोरीचा असा दोन्हींचा वाटा तिच्यात येतो. साखरेच्या बाटलीतून तिचा आकडा वजा केल्यावर जे उरतं, ते त्या साखरेचं. प्रयोगशाळेत अशा बाटलीला सरळ 'कंट्रोल' म्हणतात. कंट्रोल एकच असतो असं मात्र नाही. प्रत्येक शंकेला तिचा तिचा कंट्रोल लागतो. 'वायू यीस्टच्या जिवंतपणामुळेच निघाला कशावरून?' या शंकेला उत्तर देते ती दहा मिनिटं उकळून थंड केलेलं यीस्ट आणि ग्लुकोज यांची बाटली.

फुग्याचं मोजमाप तसंही भरवशाचं नाही. रबर ताणायला सुरुवातीला जोर लागतो, आणि 'जरासा उभा' हा काही आकडा नव्हे. मी २० मिलीची प्लास्टिकची सिरिंज वापरायला सांगतो. १०० मिली कोमट पाण्यात ४ ग्रॅम सुकं यीस्ट दहा मिनिटं भिजवायचं. साखरांची १० टक्क्यांची द्रावणं वेगळी करायची. यीस्टचं अडीच मिली आणि साखरेचं अडीच मिली सिरिंजमध्ये ओढायचं, हवा पूर्ण काढून टाकायची, तोंडाला टोपण लावायचं आणि सिरिंज ४० अंशांच्या पाण्यात ठेवायची. आत हवाच नाही, त्यामुळे हवा तापण्याचा प्रश्न मिटला. निघालेला वायू दांडा मागे ढकलतो. दांडा अडकतो, म्हणून वाचन घेण्याआधी तो हलकेच गोल फिरवायचा. यीस्ट तळाशी बसतं, म्हणून दर वेळी ढवळूनच ओढायचं. हे विसरलं तर पहिल्या आणि शेवटच्या सिरिंजमध्ये यीस्ट वेगवेगळं जातं, आणि तो फरक नंतर साखरेच्या नावावर खपतो.

समजा वीस मिनिटांत दांडा ग्लुकोजमध्ये ९ मिली मागे सरकला, घरच्या साखरेत ९, माल्टोजमध्ये ३, लॅक्टोजमध्ये १, यीस्ट आणि पाण्यातही १, उकळलेल्या यीस्टमध्ये ०. वजाबाकी केल्यावर लॅक्टोजच्या वाट्याला शून्य येतं.

पण थांबा, कार्बन डायऑक्साइड पाण्यात चांगला विरघळतो. ४० अंशांच्या ५ मिली पाण्यात तो अडीच मिलीहून थोडा जास्त मावतो. म्हणजे सुरुवातीचा तेवढा वायू दांड्याला दिसतच नाही, आणि ज्या सिरिंजमध्ये एकूण दोनच मिली निघाला ती शून्य दाखवू शकते. म्हणून शेवटचा एकच आकडा घेण्यापेक्षा दर दोन मिनिटांनी वाचन घ्यावं, आलेख काढावा आणि दांडा एका चालीनं सरकू लागल्यानंतरचा वेग तेवढा तपासावा. वजाबाकीही वेगांचीच करावी.

एक गोष्ट क्रमिक पुस्तकात सहसा निसटते. या प्रयोगाला आपण 'यीस्टचं श्वसन' म्हणतो, पण ऑक्सिजन वापरून ग्लुकोज जाळताना यीस्ट जेवढा ऑक्सिजन घेतं, तेवढाच कार्बन डायऑक्साइड सोडतं. आकारमान तसंच राहतं, फुगा हलत नाही. आपण मोजतो ते किण्वन. त्यात एका ग्लुकोजपासून दोन अल्कोहोल आणि दोन कार्बन डायऑक्साइड होतात, ऑक्सिजन लागत नाही.

मग साखरांमध्ये फरक का? घरची साखर म्हणजे सुक्रोज. तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करणारं इन्व्हर्टेज यीस्टच्या पेशीबाहेरच, पेशीभिंतीपाशी तयार असतं, म्हणून ती ग्लुकोजच्या बरोबरीनं धावते. माल्टोज मात्र अख्खं आत घ्यावं लागतं. त्याचा वाहक आणि ते तोडणारं विकर पेशीला बहुधा नव्यानं बनवावं लागतं. त्यात वेळ जातो. वीस मिनिटांत कमी दिसलेलं माल्टोज दोन तासांनी बरंच पुढे गेलेलं दिसू शकतं. आणि बेकरीच्या यीस्टकडे लॅक्टोज आत घ्यायची सोय नाही आणि तोडायचं लॅक्टेजही नाही. केफिरमध्ये सापडणाऱ्या काही यीस्टकडे ती असते, पण ती जात वेगळी.

आता खरी परीक्षा. लॅक्टोजच्या सिरिंजमध्ये काही झालं नाही, हे कशामुळे? यीस्टला ते वापरता येत नाही म्हणून, की त्या पुडीतल्या कशानं तरी यीस्टच मंदावलं म्हणून? यासाठी एक सिरिंज ग्लुकोज आणि लॅक्टोज एकत्र घालून लावायची. एकूण आकारमान तेच, ग्लुकोजचं प्रमाणही तेच. तिचा वेग नुसत्या ग्लुकोजइतकाच आला, तर लॅक्टोजनं काही बिघडवलेलं नाही.

त्याही पुढे जायचं असेल तर औषधाच्या दुकानातून लॅक्टेजची गोळी आणावी. लॅक्टोजच्या द्रावणात ती कुस्करून घालावी, अर्धा-एक तास थांबावं आणि मग यीस्ट मिसळावं. लॅक्टोज तुटून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज होतं, आणि दांडा सरकू लागतो. तो ग्लुकोजवरच सरकतो. गॅलॅक्टोज वापरायची तयारी करायला यीस्टला बराच वेळ लागतो, म्हणून वायू सुरुवातीला निम्म्या साखरेचाच निघतो. पण इथेही घाई नको. गोळीत भर म्हणून डेक्स्ट्रोज असू शकतं, आणि डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच. तेव्हा गोळी, यीस्ट आणि पाणी अशी आणखी एक सिरिंज. आणि गोळीचं काम तिच्यातल्या विकरानंच केलं हे पाहायला, पाण्यात कुस्करून उकळलेली गोळी लॅक्टोजमध्ये घालून आणखी एक.