चूक हाताची की हिशेबाची?

बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटचं अनुमापन जवळपास ठरलेलंच. प्रयोग साधा, खरा प्रश्न पडतो तो तपासताना.

शंकुपात्रात 0.05 मोलर ऑक्झॅलिक आम्ल पिपेटने 10 मिलिलिटर घ्यायचं, विरल सल्फ्युरिक आम्ल घालून 60-70 अंशांपर्यंत तापवायचं आणि ब्युरेटमधून जांभळं परमँगनेट थेंबाथेंबाने सोडायचं. फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं. तपकिरी गढूळपणा आला तर सल्फ्युरिक आम्ल कमी पडलं किंवा परमँगनेट घाईने ओतलं, असं समजावं.

समजा, एका विद्यार्थ्याची रीडिंग 10.6, 10.2 आणि 10.2 मिलिलिटर आहेत. सरासरी घेतली तर 10.3 येते, पण ती इथे चालत नाही. पहिलं रीडिंग अंदाजाचं असतं. दोनदा आलेलं 10.2 हेच 'कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग'. या अभिक्रियेत परमँगनेटचे 2 मोल आम्लाच्या 5 मोलना पुरतात. म्हणून

5 × M × 10.2 = 2 × 0.05 × 10

आणि M = 0.0196. परमँगनेटचा रेणुभार 158, म्हणजे लिटरमागे सुमारे 3.1 ग्रॅम.

आता शिक्षकांनी त्याच द्रावणांवर स्वतः घेतलेलं रीडिंगही 10.2 आहे असं धरू. ब्युरेटवरचा सर्वांत लहान भाग 0.1 मिलिलिटरचा, एक थेंब साधारण 0.05 मिलिलिटरचा. सुरुवातीचं आणि शेवटचं अशी दोन वाचनं, वर रंग ओळखण्यातला एखादा थेंब, एवढ्यातच 0.1 ते 0.2 चा फरक पडतो. शिवाय परमँगनेट इतकं गडद की त्याच्या पृष्ठभागाची वरची कडा वाचावी लागते; कुणी खालची वाचतो. दोन्ही वेळा खालचीच वाचली तर वजाबाकीत चूक निघून जाते. एकदा वरची, एकदा खालची वाचली की घोटाळा होतो. म्हणून 10.0 ते 10.4 ला पूर्ण गुण देणं मला रास्त वाटतं. उत्तरात हीच मर्यादा 0.0200 ते 0.0192 होते, म्हणजे जेमतेम दोन टक्के.

विद्यार्थी 2 आणि 5 विसरला तर मात्र उत्तर 0.0490 येतं, बरोबर अडीचपट. अशी चूक कुठल्याच ब्युरेटने होत नाही, ती समीकरणाचीच. त्यामुळे अंतिम उत्तर एकाच मर्यादेत बसवून तपासलं, तर काळजीपूर्वक प्रयोग करणारा आकडेमोडीपायी सगळे गुण गमावतो. उलट, 10.8 रीडिंग घेणाऱ्याने त्यावरून 0.0185 काढलं असेल, तर त्याचा हिशेब अचूक आहे. गुण कापायचे ते फक्त रीडिंगचे.

परीक्षकांनी रीडिंगसाठी ±0.2 ची मर्यादा ठेवावी आणि आकडेमोड मात्र विद्यार्थ्याच्याच रीडिंगवरून तपासावी.