तुंबलेली लसिका
(लेखांक सातवा)

केशवाहिन्यांच्या भिंतींतून पेशींच्या भोवती जो द्रव पाझरतो त्याचा हिशेब गेल्या लेखांकात मांडला होता. त्या द्रवाबरोबर रक्तातील थोडी प्रथिनेही बाहेर पडतात आणि ती परत रक्तात पोचविणे शिरांच्या आवाक्यातले नसून ते काम सर्वस्वी लसिकावाहिन्यांकडे असते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे आजचा विषय कठीण वाटणार नाही.

पन्नाशीतल्या एखाद्या बाईंचे उदाहरण घेऊ. स्तनाच्या कर्करोगासाठी त्यांच्या डाव्या काखेतील लसिकाग्रंथी काढल्या, पुढे तेथे किरणोपचार झाले, जखम भरली, आणि सव्वा वर्ष हाताची काहीएक तक्रार नव्हती. मग बांगड्या रुतू लागल्या, हात जड वाटू लागला, आणि मनगटाच्या वर अंगठा दाबून धरला तर सावकाश पडलेला खळगा अंगठा उचलल्यावरही बराच वेळ तसाच राहू लागला.

इतका विलंब का लागावा? लसिकावाहिनी ही निव्वळ नळी नव्हे. दोन झडपांमधला तिचा प्रत्येक खंड स्वतः आकुंचन पावून लसिका पुढे ढकलतो. काखेतली वाट तुटल्यावर उरलेल्या वाहिन्या वाढत्या दाबाविरुद्ध तो भार महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे पेलतात, पण अखेरीस त्यांच्या भिंती जाड होतात, झडपा गळू लागतात आणि प्रथिने ऊतींतच शिल्लक राहून पाणी धरून ठेवतात. मूत्रपिंडाच्या विकारात रक्तातील प्रथिने घटून जी सूज येते तिच्यातला खळगा चटकन भरून येतो. या सुजेतला रेंगाळतो. लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांचा येथे उपयोग होत नाही तोही याच कारणाने, कारण पाणी उतरले तरी प्रथिने जागच्या जागी राहतात आणि पाण्याला पुन्हा ओढून आणतात.

साचलेल्या प्रथिनांमुळे दाह जडतो, तंतू व मेद वाढतात, आणि कालांतराने दाबूनही खळगा पडत नाही. तो पडेनासा झाला म्हणजे रोग बरा झाला असे समजणे ही मोठी घातक चूक होय. त्यातच एखाद्या लहानशा चिरेतून जंतू शिरले की हात तांबडा व गरम होतो, ताप भरतो, आणि असा प्रत्येक संसर्ग उरल्यासुरल्या वाहिन्यांचे आणखी नुकसान करून जातो. पूर्व विदर्भात क्युलेक्स डासांमार्फत पसरणाऱ्या हत्तीरोगात जंत लसिकावाहिन्यांतच ठाण मांडतात. तेथे पायाची गत शेवटी हीच होते.

उपायांत त्वचेची निगा, हलक्या हाताचे विशिष्ट मर्दन, कमी ताणाच्या पट्ट्या व त्या बांधून करावयाचा व्यायाम यांचा समावेश होतो. सूज उतरल्यावर ती टिकावी म्हणून दाबाची बाही नित्य वापरावी लागते. हे सारे खळगा पडत असेतोवर अधिक फलद्रूप होते. म्हणून अशा शस्त्रक्रियेतून गेलेल्या भगिनींना विनंती, की दोन्ही हातांचा घेर ठरावीक ठिकाणी दरमहा मोजून टिपून ठेवावा, दोहोंत 2 सेंटीमीटरांचा फरक दिसताच वैद्याकडे जावे, आणि सूज एकाएकी किंवा दुखत आली तर त्याच दिवशी जावे, कारण शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याचा किंवा मूळ रोग उलटल्याचा संभव अशा वेळी आधी तपासावा लागतो.