नियम आधी की उदाहरणे आधी?

व्याकरण शिकविण्याच्या दोन वाटा अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांत शेजारी शेजारी मांडलेल्या असतात: उदाहरणांवरून नियमाकडे चढणारी उद्गामी पद्धती आणि नियमापासून उदाहरणांकडे उतरणारी अवगामी पद्धती. आमच्या प्रशिक्षणाच्या काळात पहिलीच श्रेष्ठ असे आम्हांला सांगण्यात आले, आणि पुढे तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांचे शेरेही त्याच मताचे असत. पुण्याच्या शाळेत आठवीच्या वर्गावर मी ती पद्धती निष्ठेने चालविली व तिला यशही आले. तिची मर्यादा ध्यानात आली ती संस्थेने माझी बदली सोलापूरला केल्यावर, आणि तीही एकाच प्रकरणात, म्हणजे कर्मणी प्रयोगाच्या.

पुण्याच्या वर्गातही पहिल्या वर्षी माझी चूक झालीच होती. ‘मुलाने आंबा खाल्ला’ आणि ‘मुलीने पोळी खाल्ली’ अशी दोन वाक्ये मी फळ्यावर लिहिली आणि क्रियापद कशाप्रमाणे बदलले ते शोधून काढा, असे मुलांना सांगितले. तेव्हा बहुतेकांनी ‘खाणाऱ्याप्रमाणे’ असे उत्तर दिले, आणि माझी वाक्ये पाहता त्यांचे काही चुकलेही नव्हते, कारण कर्ता आणि कर्म या दोहोंचे लिंग मी एकदमच पालटले होते. अशा वेळी फसगत लवकर उमगत नाही. ‘मुलीने आंबा’ एवढे सांगून वाक्य पुरे करावयास लावले, तर मराठी घरातले मूल जिभेच्या सवयीनेच ‘खाल्ला’ म्हणते, आणि वाक्य शुद्ध आले म्हणून नियमही कळला अशी शिक्षकाची समजूत होते. ‘असे का?’ हा प्रश्न विचारल्यावरच मनात बसलेला चुकीचा नियम बाहेर येतो.

पुढल्या वर्षी मी वाक्यांची तजवीज निराळी केली. कर्ता कायम ठेवून ‘मुलाने आंबा खाल्ला’, ‘मुलाने पोळी खाल्ली’, ‘मुलाने केळे खाल्ले’ ही तीन वाक्ये आधी लिहिली, आणि ती पुरती न्याहाळून झाल्यावर कर्म कायम ठेवून ‘मुलीने आंबा खाल्ला’ व ‘मुलांनी आंबा खाल्ला’ ही दोन खाली मांडली. एका वेळी एकच गोष्ट बदलल्यामुळे क्रियापद कर्माच्या पाठोपाठ चालते हे मुलांनी स्वतःच ओळखले. तेवढ्यात मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, ‘सर, मग मी कविता शिकलो असे का म्हणतो? शिकली का नाही?’ प्रश्न उत्तम होता, परंतु त्याचे उत्तर शोधून सापडण्यासारखे नव्हते. शिकणे, विसरणे यांसारखे काही धातू सकर्मक असूनही भूतकाळात कर्त्याप्रमाणेच चालतात. ते कोणते, हे दहा वाक्ये पाहूनही अनुमानाने ठरविता येत नाही. व्याकरणकारांनी अशा धातूंच्या याद्या दिल्या आहेत, त्या याद्याच होत. आणि यादी ही सांगावयाची गोष्ट आहे. मी ती तेव्हाच फळ्यावर लिहून दिली. शोध आणि कथन यांची सरहद्द एका तासाच्या पोटातूनही जाते, हे मी त्या दिवशी शिकलो.

सोलापुरात आठवीचाच वर्ग, तोच धडा आणि तीच पाच वाक्ये होती. वर्गात काही मुले तेलुगू घरांतली, काही कानडी घरांतली आणि उरलेली सोलापुरी मराठी बोलणारी होती. मुलांनी नियम पुण्याच्या मुलांइतक्याच चपळाईने शोधला, आणि मी समाधानाने ‘मी भाकरी’ असे लिहून पुढची जागा भरावयास सांगितली. बहुतेकांनी ‘खाल्लो’ लिहिले, मुलींनी ‘खाल्ले’. प्रथम मला तो निष्काळजीपणा वाटला. दोन दिवस कान देऊन ऐकले तेव्हा कळले की त्या भागात ‘मी काम केलो’, ‘मी तुला सांगितलो’ हीच बोलण्याची नित्याची रीत आहे. तेलुगू व कानडीत क्रियापद कर्त्याचेच ऐकते, आणि शेजारच्या मराठीनेही तीच चाल धरलेली आहे. म्हणजे मुलांच्या कानात नियम होता, तो सुसंगतही होता, मात्र प्रमाण भाषेहून वेगळा होता. उद्गामी पद्धतीत शिक्षक ज्या साक्षीदारावर विसंबून असतो तो मुलांचा कान; येथे तो साक्षीदार प्रामाणिकपणे दुसऱ्याच भाषेची साक्ष देत होता.

चूक नेमकी ‘मी’पाशी का व्हावी, यालाही कारण आहे. मुलाने, मुलीने, त्याने या रूपांत ‘ने’ डोळ्यांना दिसतो आणि हा कर्ता क्रियापदावर हुकूम चालवीत नाही अशी खूण पटवितो. परंतु मी, तू, आम्ही, तुम्ही यांची तृतीया प्रथमेसारखीच दिसते, त्यामुळे खूणच नाहीशी होते. जे दिसतच नाही ते शोधा म्हणून सांगणे हा मुलांवर अन्याय आहे. मी दुसऱ्या दिवशी सरळ नियम सांगितला: ‘मी’ ज्या जागी आहे त्या जागी पाठ्यपुस्तकाच्या भाषेत ‘तो’ येईल की ‘त्याने’ येईल ते पाहा, ‘त्याने’ येत असेल तर क्रियापद कर्माच्या स्वाधीन. म्हणून मी गेलो, पण मी भाकरी खाल्ली. ‘तू भाकरी खाल्लीस’ यात कर्माचे स्त्रीलिंग आणि ‘तू’चा सकार दोन्ही एकत्र येतात, हेही मीच उकलून दाखविले. तुमच्या घरची बोली अशुद्ध नाही, तिचा कायदा निराळा आहे, एवढे आवर्जून सांगितले. या साऱ्याला दहा मिनिटे लागली, आणि उरलेला तास सरावाला मिळाला.

याच वर्गाला पुढच्या आठवड्यात मी ‘मुलाने बैलाला बांधले’, ‘मुलाने गाईला बांधले’, ‘मुलाने वासराला बांधले’ ही वाक्ये दिली आणि गप्प राहिलो. थोड्याच वेळात एका मुलीने सांगितले, ‘सर, गाईला ला लागलाय, म्हणून क्रियापद आता कोणाचंच ऐकत नाही.’ भावे प्रयोगाची याहून नेटकी व्याख्या मला करता आली नसती. आदल्या आठवड्यात नियम सांगितला नसता तर हा शोध तिला लागला नसता, असे माझे ठाम मत आहे.

प्रौढांच्या सायंवर्गात तर मी शोधाचा आग्रह धरीतच नाही. दिवसभर मागावर उभे राहून आलेल्या तेलुगुभाषक माणसाला भाकरी स्त्रीलिंगी, तांदूळ पुल्लिंगी आणि पीठ नपुंसकलिंगी हे कोणत्या उदाहरणांवरून शोधता येणार? त्याला ते सांगावे, लिहून द्यावे व वदवून घ्यावे.

अलीकडे कोणतेही प्रकरण आरंभण्याच्या आदल्या दिवशी मी वर्गाला पाच वाक्ये देतो, प्रत्येकात क्रियापदाची जागा रिकामी, आणि त्यांत ‘मी’चे एक वाक्य असतेच. उत्तरे बरोबर येऊन कारण सांगता आले नाही, तर दुसऱ्या दिवशी उदाहरणे आधी; उत्तरेच एका ठरावीक दिशेने चुकली, तर नियम आधी. नव्या शिक्षकबंधूंना माझी विनंती एवढीच आहे की ती उत्तरे हाती येईपर्यंत पाठाचे टाचण लिहावयास घेऊ नये.