तहानेचा हिशेब

आजाऱ्याला भेटायला जायचे तर रिकाम्या हाताने कसे जायचे? शिवाजी पार्कावरून येता येता शहाळेवाल्याकडून दोन शहाळी घ्यायची, ही आपली सरळ रीत. तापातून उठलेल्या माणसाला ते चांगलेच. पण ज्याची मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत त्याच्यापुढे शहाळे ठेवू नका. त्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. चांगली मूत्रपिंडे जादा पोटॅशियम लघवीवाटे टाकून देतात. निकामी मूत्रपिंडांना ते जमत नाही. मग ते रक्तात साचते आणि फार साचले तर फारशी सूचना न देता हृदयाचे ठोकेच बिघडवते.

हा विकार बहुधा मधुमेह किंवा रक्तदाबातून हळूहळू येतो. मूत्रपिंडांचे काम अगदीच थोडे उरले की डायालिसिस लागते. लोकनायक जयप्रकाश नारायण यांना १९७५ च्या नोव्हेंबरात सुटकेनंतर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले, तेव्हा त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. पुढे १९७९ च्या ऑक्टोबरात त्यांचे निधन होईपर्यंत, जवळजवळ चार वर्षे, ते डायालिसिसच्या आधारावर होते. म्हणजे डायालिसिस सुरू झाले की सारे संपले, असे नाही. मात्र त्यानंतर घरच्या बाईच्या हाती एक नवा हिशेब येतो, तो पाण्याचा.

डायालिसिस दोन तऱ्हेचे असते. पहिले रक्ताचे. हातातली शीर आणि रोहिणी जोडून 'फिस्टुला' करतात. त्यातून रक्त यंत्रात नेऊन, शुद्ध करून परत सोडतात. हे आठवड्यातून दोन-तीनदा, सुमारे चार-चार तास चालते. दुसरे पोटाचे. पोटात बसवलेल्या नळीतून साधारण दोन लिटर औषधी द्रव आत सोडायचा, काही तास ठेवायचा आणि काढून टाकायचा. हे रोज तीन-चार वेळा घरीच करतात. इथे आत किती सोडले आणि बाहेर किती आले, ते दर वेळी मोजून लिहावे. दोन लिटर सोडून दोन लिटर तीनशे मिलिलिटर आले, तर अंगातले तीनशे मिलिलिटर पाणी निघाले. उलट कमी आले, तर उरलेले आतच राहिले. बाहेर आलेला द्रव गढूळ दिसला तर तो संसर्ग समजावा आणि त्याच दिवशी ती पिशवी घेऊन रुग्णालय गाठावे.

रक्ताच्या डायालिसिसमध्ये खरी पंचाईत मधल्या दिवसांची. लघवी कमी होते, म्हणून प्यायलेले बरेचसे पाणी अंगातच राहते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. म्हणून वजनकाटा हा इथला खरा हिशेबनीस!

समजा, तुमच्या सासऱ्यांचे डायालिसिस सोमवारी आणि गुरुवारी असते. जादा पाणी काढून झाल्यावरचे वजन, म्हणजे डॉक्टरांनी ठरवलेले 'कोरडे वजन', आहे ५८ किलो. दिवसभराची लघवी मापाच्या भांड्यात मोजली, ती भरली ३०० मिलिलिटर. साधारण नियम असा की, आदल्या दिवशीच्या लघवीइतके अधिक ५०० मिलिलिटर पाणी द्यावे. म्हणजे त्यांना मिळणार ८०० मिलिलिटर. नेमका आकडा डॉक्टरच सांगतील.

आता ते वाटायचे कसे? दोन वेळचा चहा मिळून २००, दोन वेळच्या गोळ्यांबरोबर २००, दुपारचे ताक १५०, रात्रीची आमटी १००, झोपताना घोटभर ५०. झाले ७००. उरलेले १०० तहानेसाठी राखून ठेवावे. आमटी, ताक, दूध, बर्फ, कलिंगड हे सारे पाण्यातच धरायचे, बरं का! हिशेबाची सोपी युक्ती अशी. सकाळी एका बाटलीत ८०० मिलिलिटर पाणी भरून ठेवावे. चहा दिला की तेवढेच पाणी बाटलीतून काढून घ्यावे. बाटली रिकामी झाली की त्या दिवसाचा हिशेब मिटला.

वजन रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, तशाच कपड्यांत आणि त्याच काट्यावर करावे. मंगळवारी ५८.६, बुधवारी ५९.३, गुरुवारी ६० असे वजन वाढले तर ठीक. दोन डायालिसिसमध्ये दोन-सव्वादोन किलोंपर्यंतची वाढ अशा माणसाला बहुधा झेपते. पण बुधवारीच साठ भरले आणि वहीत पाणी मात्र आठशेच लिहिलेले, तर? "बाबा, पाणी जास्त प्यालात का?" असे दरडावून विचारू नका. आधी आदल्या दिवशी पानात काय वाढले होते ते आठवा. पापड, लोणचे, फरसाण, सुकट?

कारण दोष पुष्कळदा मिठाचा असतो. सुमारे नऊ ग्रॅम मीठ अंगात गेले की ते एक लिटर पाणी धरून ठेवते. मीठ जितके जास्त, तितकी तहान अनावर, आणि मग माणूस गुपचूप माठाकडे जातोच. दिवसाचे सारे मीठ एका सपाट चमच्याच्या, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत बसवले, तर तहान आपोआप आटोक्यात येते. सैंधव हेही मीठच आहे. आणि 'कमी सोडियमचे' म्हणून मिळणारे मीठ तर मुळीच आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. मधुमेह असेल तर साखर वाढल्यानेही घसा कोरडा पडतो, तेही तपासून घ्यावे.

चार लिटर पाणी साचू दिले आणि ते चार तासांत ओढून काढले, तर रक्तदाब एकदम उतरतो, पायांत गोळे येतात, उलट्या होतात. म्हणून "उद्या डायालिसिस आहेच, आज पिऊ द्या" हे म्हणणे महागात पडते.

आणखी एक फसवी गोष्ट आहे. भूक मंदावली, अंगावरचे मांस झडले, तरी काटा ५८ च दाखवतो. कारण मांसाच्या जागी पाणी भरलेले असते. पायांवर सूज आहे, दंड मात्र बारीक झाले आहेत, असे दिसले तर कोरडे वजन नव्याने ठरवायला डॉक्टरांना सांगा.

मांस झडण्याचे एक कारण आपल्याच स्वयंपाकघरात असते. डायालिसिसच्या आधी डॉक्टरांनी डाळ, अंडी, मासे कमी करायला सांगितलेले असते. डायालिसिस सुरू झाल्यावर मात्र प्रथिने वाढवावी लागतात, कारण डायालिसिसमध्ये त्यांतली काही निघून जातात. पुष्कळ घरांत जुनेच पथ्य चालू राहते आणि माणूस खंगतो. पथ्याचा नवा कागद मागून घ्या. बटाटा, पालेभाजी यांतले पोटॅशियम कमी करायचे तर भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळावी आणि ते पाणी फेकून द्यावे. त्याची आमटी करू नये.

आडवे झाले की दम लागणे, उशांवर उशा घ्याव्या लागणे, हातपाय एकाएकी गळून जाणे, छातीत ठोका चुकल्यासारखे वाटणे, यांतले काही झाले तर पुढच्या पाळीची वाट पाहू नका, रात्री-अपरात्रीही रुग्णालयात न्या. फिस्टुलावर रोज बोटे ठेवून पाहा, मांजर गुरगुरते तशी थरथर लागते. ती थांबली तर त्याच दिवशी दाखवा. त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा, सुई किंवा घट्ट बांगडी नको.

वही मात्र दर डायालिसिसला बरोबर न्या. तारीख, वजन, लघवी आणि पाणी एवढे चारच रकाने पुरेत. यंत्राने आज किती पाणी काढायचे, हे तिथली सिस्टर ठरवते ते वजन पाहूनच. आणि ते वाढले कशाने, हे सांगणारी वही तुमच्या घरातच असते.